एक आकडा चुकला आणि सोयाबीनचे १,३७,७०० रुपये सेलूकडच्या खात्यात गेले

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट आहे, येळवस होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. माझा मावसभाऊ केज तालुक्यात खेडा खरेदी करतो, म्हणजे गावोगाव जाऊन माल मोजून घ्यायचा आणि लातूरला आडतीवर नेऊन घालायचा. त्याला एका शेतकऱ्याचे सोयाबीनचे पैसे द्यायचे होते, ३४ क्विंटल माल, ४,०५० चा भाव, असे १,३७,७०० रुपये. त्या काकांनी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, भावाने शुक्रवारी १० तारखेला रात्री नऊच्या सुमारास मोबाईल अ‍ॅपमध्ये त्यांचं खातं नवीन जोडलं आणि एनईएफटीने पैसे सोडले. पंधरा-वीस मिनिटांत त्याला मेसेज पण आला की रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली, आणि तो जेवून झोपला.

मी स्वतः बारा वर्षं बँकेत काउंटरला होतो, त्यातली बरीच वर्षं पैसे पाठवण्याच्या टेबलावर, म्हणून हे प्रकरण माझ्याकडं आलं. पण आलं ते रविवारी दुपारी. शनिवारी सकाळी काकांचा फोन आला होता, "शेठ, पैसे आले नाईत अजून," आणि भावाने स्वतःचा मेसेज बघून सांगितलं की माझ्याकडून गेलेत, तुमच्या बँकेचं काहीतरी असंल, संध्याकाळपर्यंत दिसतील. संध्याकाळी पण नाही. काकांच्या घरी पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न, कापडवाल्याला शब्द दिलेला, त्यामुळे ते रविवारी सकाळी सरळ भावाच्या दारात येऊन बसले. तोपर्यंत कोणाच्याच डोक्यात आलं नाही की आकडा चुकला असेल, कारण नाव बरोबर दिसत होतं, आयएफएससी बरोबर होता, मेसेज बरोबर होता.

मी फोनवर एवढंच म्हणलं की तू अ‍ॅपमधला नंबर एकेक आकडा मोठ्याने वाच आणि काकांनी पासबुकातला वाचायचा. नवव्या आकड्याला दोघं थांबले. पासबुकावर १ होता, भावाने ७ वाचला होता. प्रिंट पुसट, फोटो वाकडा, आणि अ‍ॅपमध्ये नंबर दोनदा टाकायला लावतात त्याचा इथं काही उपयोग झाला नाही, कारण ते दोनदा टाकणं टायपिंगची चूक पकडतं, वाचण्याची चूक पकडत नाही. ज्याने एकदा ७ वाचला तो दुसऱ्यांदा पण ७ च वाचणार.

आता लोकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो इथं. नाव काकांचं टाकलेलं असताना पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेच कसे? तर एनईएफटी असो, आरटीजीएस असो, पैसे जमा होतात ते फक्त खाते नंबरावर. समोरच्या बँकेची सिस्टीम नाव जुळवून बघत नाही, आणि ही काही त्या बँकेची चोरी नाही, रिझर्व्ह बँकेनेच २०१० मध्ये स्पष्ट केलंय की जमा करताना फक्त खाते नंबर बघितला तरी चालतो आणि नंबर बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. तुम्ही टाकलेलं नाव ही तुमच्या यादीतली खूण असते, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट, जी त्या रविवारी आम्हाला उपयोगी पडली. चुकीचा नंबर टाकला म्हणजे पैसे दुसऱ्याकडं गेलेच असं नसतं. पुष्कळदा तो नंबर अस्तित्वातच नसतो किंवा खातं बंद झालेलं असतं, मग समोरच्या बँकेला ती रक्कम बॅच झाल्यापासून दोन तासांत परत पाठवावी लागते आणि पैसे आपोआप तुमच्या खात्यात येतात, अर्ज-बिर्ज काही लागत नाही. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचने चोवीस तास चालतं, म्हणजे रात्री नऊला पाठवलेले पैसे परत यायचेच असते तर रात्री बारापर्यंत आले असते. शुक्रवारचे पैसे रविवारी दुपारपर्यंत परत आले नाहीत आणि वर जमा झाल्याचा मेसेज आहे, म्हणजे ते कोणाच्या तरी चालू खात्यात बसले हे नक्की. मी भावाला तसं सांगितलं तेव्हा त्याचा आवाजच बसला. "दादा, आता ते काढून घेतले असतील तर?"

ती भीती खरी होती. पैसे जायला सुट्टी नसते पण परत आणणाऱ्या माणसांना असते. ११ तारीख दुसरा शनिवार, १२ रविवार, दोन्ही बँका बंद. तरी रविवारीच कस्टमर केअरला फोन लावायला लावला, कारण तक्रार किती तारखेला केली याची नोंद पुढं फार कामाला येते, पोलिसात गेलं तरी आणि कोर्टात गेलं तरी. पण त्या फोनमध्ये एक गडबड झाली आणि ती जवळजवळ प्रत्येकाची होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भावाने फोनवर सांगितलं की मी पैसे पाठवले, समोरच्याला मिळाले नाहीत. ऑपरेटरने तशीच तक्रार लिहून घेतली, नंबर दिला. आता "समोरच्याला मिळाले नाहीत" ही बँकेच्या दृष्टीने वेगळीच तक्रार आहे. तिची तपासणी म्हणजे कोणीतरी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर टाकून स्टेटस बघणार, समोरच्या बँकेकडून जमा झाल्याचा संदेश आलेला दिसणार, आणि तक्रार बंद होणार. झालं पण तेच, सोमवारी सकाळी साडेदहालाच मेसेज आला की आपला व्यवहार यशस्वी झाला आहे, तक्रार निकाली काढली. त्यांचं पण चुकलं नाही, जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. आपल्याला विचारायचं असतं वेगळं: पैसे जमा झालेत, पण चुकीच्या खात्यात झालेत, चूक माझी आहे, आणि मला ते परत मागवायचेत. याला बँकेत रिकॉल म्हणतात. तो शब्द अर्जात पायजेच.

सोमवारी मी स्वतः अंबाजोगाईहून केजला गेलो, भावाच्या शाखेत. काउंटरवरची पोरगी नवीन होती, ती म्हणाली की सर, एनईएफटी एकदा गेलं की कॅन्सल होत नाही. बरोबर आहे, कॅन्सल होत नाही. पण समोरच्या बँकेला विनंती जाते, आणि ती पाठवायला आपल्या बँकेने नाही म्हणायचं काही कारण नाही. मग मी तिथंच बसून अर्ज लिहिला. शब्द साधारण असे होते:

"दि. १०/०१/२०२५ रोजी माझ्या खात्यातून एनईएफटीने रु. १,३७,७०० पाठवताना खाते क्रमांकातील एक अंक माझ्याकडून चुकीचा टाकला गेल्याने रक्कम अन्य व्यक्तीच्या खात्यात जमा झाली आहे. यूटीआर, चुकून टाकलेला क्रमांक आणि अपेक्षित क्रमांक खाली दिले आहेत. कृपया लाभार्थी बँकेस रिकॉल संदेश पाठवून सदर रक्कम तात्पुरती रोखून ठेवण्याची व खातेदाराची संमती घेऊन ती परत करण्याची विनंती करावी. या परतीमुळे काही दावा उद्भवल्यास त्याची जबाबदारी माझी राहील."

शेवटचं वाक्य मुद्दाम टाकलं. समोरच्या बँकेला भीती असते की उद्या त्यांचा खातेदार म्हणेल माझे पैसे का काढले, म्हणून त्या हमीपत्र मागतात, काही ठिकाणी स्टॅम्प पेपरवर. आधीच लिहून दिलं की एक फेरी वाचते. अर्जाला जोडलं काय, तर अ‍ॅपमधली पावती, काकांच्या पासबुकाचा तोच पुसट फोटो आणि काकांनी हाताने लिहून दिलेला कागद की मला ही रक्कम मिळाली नाही. फोटो यासाठी की चूक कशी झाली हे बघणाऱ्याला एका नजरेत पटावं, १ आणि ७ मधला फरक कोणालाही दिसत होता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का देताना जरा कुरकुर झाली पण घेतला.

आता हा अर्ज भावाच्या बँकेच्या पेमेंटच्या मुख्य विभागातून समोरच्या बँकेच्या मुख्य विभागाला आणि तिथून संबंधित शाखेला असा फिरत जाणार, त्याला चार-आठ दिवस कुठं जात नाहीत. म्हणून आम्ही काका ज्या बँकेचे खातेदार तिच्या त्यांच्या गावच्या शाखेत गेलो, कारण चुकीचं खातं पण त्याच बँकेतलं होतं हे आयएफएससीवरून नक्की होतं. काका तिथले जुने खातेदार, मॅनेजर ओळखीचे. त्यांनी नंबर टाकून बघितला, अर्ज वाचला, यूटीआर जुळवला आणि म्हणाले की खातं आमचंच आहे पण शाखा ही नाही, परभणी जिल्ह्यात सेलूकडं आहे. भाऊ लगेच म्हणाला, "साहेब, नाव तरी सांगा, आम्ही जाऊन भेटतो त्यांना." मॅनेजरांनी नाव सांगितलं नाही. भावाला राग आला पण मी मॅनेजरांच्या बाजूने होतो. खातेदाराचं नाव-पत्ता तिसऱ्याला देता येत नाही, आणि देऊ पण नये, कारण उद्या कोणीपण "माझे पैसे चुकून गेले" म्हणून कोणाच्याही घराचा पत्ता काढेल. त्यांनी केलं ते जास्त कामाचं होतं: आमच्यासमोर सेलूकडच्या शाखेला फोन केला आणि अर्जाची प्रत मेल केली.

तिकडच्या शाखेने खातं बघितलं तर शिल्लक रकमेतून शनिवारी एटीएमवर २०,००० निघालेले होते, राहिलेले १,१७,७०० होते. त्यांनी तेवढ्यावर तात्पुरती रोक लावली. हे प्रत्येक बँक करीलच असं नाही, काही बँका पाठवणाऱ्या बँकेचा अधिकृत संदेश आल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि खातेदाराच्या संमतीशिवाय रक्कम काढून परत तर कोणीच करत नाही. आमच्यासाठी ती रोक हाच सगळ्यात मोठा आधार ठरला. दोन दिवस उशीर झाला असता तर किती राहिले असते सांगता येत नाही.

आता समोरच्या माणसाची बाजू. ती आम्हाला नंतर कळली आणि ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण आम्ही दोन दिवस त्या माणसाला मनातल्या मनात चोर ठरवून बसलो होतो. ते साठीच्या पुढचे एक आबा. कापूस सीसीआयच्या म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर घातलेला, १७ क्विंटल, त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता, म्हणजे त्यांना सव्वा लाखाच्या वर येणं होतंच. शनिवारी सकाळी खात्यात १,३७,७०० आल्याचा मेसेज दिसला, त्यांना वाटलं कापसाचे आले, थोडे जास्त दिसतात तर त्यात कसलं तरी अनुदान असंल. आपल्याकडं पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, असे पैसे खात्यात अचानक येतात आणि मेसेजमध्ये कशाचे ते धड कळत नाही, त्यामुळे हे समजणं काही वावगं नव्हतं. नातवाने एटीएमवर जाऊन वीस हजार काढले आणि खताच्या दुकानाची उधारी फेडली.

मग शाखेतून फोन गेला की आबा, तुमच्या खात्यात चुकून आलेले पैसे आहेत, परत द्यावे लागतील. आबांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा नातवाने उचलला आणि सांगितलं की असे फोन रोज येतात, आम्ही फसणार नाही. आणि खरंच सांगतो, त्यांनी अगदी बरोबर केलं. "तुमच्या खात्यात चुकून पैसे आलेत, परत पाठवा" हीच तर फसवणाऱ्यांची जुनी पद्धत आहे. म्हणून चुकून गेलेले पैसे परत मागायचा रस्ता खातेदाराला शाखेत बोलवून, कागदावर सही घेऊनच जातो. कोणाला चुकून पैसे आले तर त्यांनी पण फोन करणाऱ्याला स्वतः ट्रान्सफर करू नये, आपल्या शाखेत जावं, रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात बँकेमार्फत परत जाऊ द्यावी.

शाखेने मग गावातल्या बँक मित्राला आबांच्या घरी पाठवलं. तो ओळखीचा माणूस. गुरुवारी १६ तारखेला आबा पासबुक घेऊन शाखेत आले, पासबुक भरून दाखवलं तर त्या नोंदीत माझ्या भावाच्या दुकानाचं नाव स्पष्ट छापलेलं होतं, सीसीआयचं नव्हतं. तिथंच त्यांना पटलं. त्यांनी संमतीपत्रावर सही केली, राहिलेल्या वीस हजाराचं लिहून दिलं की कापसाचे पैसे आले की भरतो. १७ तारखेला, शुक्रवारी, १,१७,७०० भावाच्या खात्यात आले. नवीन यूटीआरने, नवीन व्यवहार म्हणून आले, जुना व्यवहार उलटा फिरला असं दिसत नाही, हे हिशोब जुळवताना लक्षात ठेवावं लागतं.

आबा नाही म्हणाले असते तर काय, हे पण सांगायला पायजे, कारण सगळीकडं आबा नसतात. तर बँक तिथं थांबते. तिला बळजबरीने पैसे काढायचा अधिकार नाही, त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो. मात्र कायदा पाठवणाऱ्याच्या बाजूने आहे: १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सरळ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत करणं बंधनकारक आहे, आणि चुकून आलेत हे कळल्यावर पण बेइमानीने वापरले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो गुन्हा होऊ शकतो. दिवाणी दाव्याला चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. नाव माहीत नसल्यामुळे वकिलाची नोटीस बँकेमार्फत पाठवायची, बहुतेक प्रकरणं त्या नोटिशीपाशीच मिटलेली मी बघितली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं म्हणजे cms.rbi.org.in वर जाता येतं, आधी बँकेकडं लेखी तक्रार करून ३० दिवस थांबून, पण तिथं बँकेने तुमची विनंती पुढं पाठवली नाही, उत्तर दिलं नाही असल्या बँकेच्या कसुरीची दाद लागते. तुमच्या हातून चुकलेला आकडा ही बँकेची कसूर होत नाही. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फसवणूक झाली असं खोटं सांगून तक्रार करू नका, मला दोघांनी हा सल्ला दिला होता की तसं केलं की खातं लवकर गोठतं. गोठतं, पण आबांसारख्या निर्दोष माणसाचं आख्खं खातं अडकतं, आणि आपण पोलिसांना खोटं सांगितलेलं राहतं.

एका ठिकाणी मात्र खरी अडचण होते, ती म्हणजे रक्कम जिथं गेली ते खातंच कर्जाचं असलं तर. पीक कर्जाच्या खात्यात पैसे पडले की येणं बाकी तेवढं लगेच कमी होतं, शिल्लक अशी काही राहतच नाही जिच्यावर रोक लावावी. आमच्या टेबलावर असं एक प्रकरण आलं होतं, तिथं खातेदार राजी असून सुद्धा नोंद उलटी करायला वरच्या ऑफिसची मंजुरी लागली आणि त्यात दोन महिने गेले.

तेव्हा जे नव्हतं ते आता आहे. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांना द्यायला लावली आहे, नंबर आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेच्या रेकॉर्डमधलं नाव दिसतं, त्याला पैसे लागत नाहीत, शाखेत जाऊन पाठवलं तरी मिळते. जानेवारीत ती असती तर भावाला स्क्रीनवर काकांच्या ऐवजी सेलूकडच्या आबांचं नाव दिसलं असतं आणि तो तिथंच थांबला असता. पण ते नाव वाचावं लागतं. काही अ‍ॅपमध्ये ते बघायचं वेगळं बटण असतं आणि ते न दाबता पुढं जाता येतं, म्हणून मी भावाला सांगितलंय की नवीन खातं जोडलं की नाव बघायचं, ते मिळालं नाही तर आधी एक रुपया पाठवायचा आणि समोरच्याकडून फोनवर मिळाला म्हणून ऐकायचं. आलेला मेसेज बघून नाही, कारण मेसेज त्या शुक्रवारी पण बरोबरच आला होता.

काकांना भावाने सोमवारीच आडतीवरून उचल घेऊन नव्वद हजार दिले होते आणि बाकीचे सतरा तारखेनंतर, त्यांचं काम अडू दिलं नाही. आबांचे कापसाचे पैसे महिनाअखेरीला आले. २९ तारखेला त्यांच्या शाखेतून २०,००० भावाच्या खात्यात जमा झाले, आणि संध्याकाळी शाखेच्या मॅनेजरांनी दोघांना विचारून फोन जोडून दिला. आबा म्हणाले, "पोरा, तुझे पैसे पोचले का? नंबर नीट बगून घेतला मी."